पिशवीतला बर्फ काय सांगतो: वारंवार होणाऱ्या फ्रीझर बर्नचं समस्या निवारण

फ्रीझरमधून मांस काढलं की त्यावर करडे, कोरडे डाग दिसतात. मटार सुरकुतलेले निघतात आणि पिशवीत भुरभुरीत बर्फ साठलेला असतो. ही तक्रार घेऊन बरेच जण माझ्याकडे येतात आणि बहुतेकांनी फ्रीझर बिघडला असं आधीच ठरवलेलं असतं. काही वेळा तो खरंच बिघडलेला असतो. बहुतेक वेळा मात्र दोष पॅकिंगमध्ये सापडतो. यातलं नेमकं काय झालंय हे पॅकेट नीट पाहिलं आणि त्याचं वजन केलं की कळतं. म्हणून तंत्रज्ञाला बोलावण्याआधी खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. पहिल्या दोन फुकट आहेत आणि अर्धा निकाल तिथेच लागतो.

लक्षणं

लाल मांसावर करडे-तपकिरी, कोरडे, चिवट डाग येतात. चिकनवर ते पांढुरके किंवा फिकट पिवळसर दिसतात. मासा कडेला पांढरा पडतो आणि शिजवल्यावर तिथे दोऱ्यासारखा लागतो. मटार आणि मक्याचे दाणे आक्रसतात, गाजराचे तुकडे पांढरट होतात, फरसबी कितीही शिजवली तरी चोथट राहते. डाग सहसा सगळीकडे सारखे नसतात. एखादा कोपरा, एखादी बाजू किंवा हाडाजवळचा भाग आधी सुकतो. ही जागा लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे.

फ्रीझर बर्नसारख्या वाटणाऱ्या, पण वेगळ्या असलेल्या तीन गोष्टी आधी बाजूला काढू.

मांस एकसारखं गडद तपकिरी झालंय पण पृष्ठभाग कोरडा नाही, तर तो रंगद्रव्यावर हवेतल्या ऑक्सिजनचा परिणाम आहे. पिशवीच्या फक्त बाहेरच्या बाजूला हिम चिकटलंय, तर ते दार उघडताना आत आलेल्या दमट हवेचं आहे, अन्नातून निघालेलं नाही. तिसरी गोष्ट गंभीर आहे. सुटे गोठवलेले मटार एक गोळा होऊन बसलेत, किंवा मांसाच्या पॅकेटच्या तळाशी रसाचा सपाट बर्फ आहे, तर ते अन्न मध्ये कधीतरी वितळून पुन्हा गोठलंय. तिथे प्रश्न चवीचा नसून सुरक्षिततेचा आहे. ते किती वेळ आणि किती गरम होतं हे माहीत नसेल, तर फेकून द्या.

फ्रीझर बर्न झालेलं अन्न मात्र फ्रीझर सतत थंड राहिला असेल तर खायला धोकादायक नसतं. गोठलेल्या अवस्थेत जंतू वाढत नाहीत. बिघडतो तो पोत आणि चव. डाग लहान असतील तर तेवढा भाग कापून टाका आणि उरलेलं रस्सा किंवा सूपसारख्या पातळ पदार्थात वापरा. चरबीला खवट वास येत असेल तर ते वाचवण्याच्या फंदात पडू नका, तो वास शिजवून जात नाही.

आत नेमकं काय होतं

बर्फाचं पाणी न होता त्याची थेट वाफ होऊ शकते. याला संप्लवन म्हणतात. ट्रेमध्ये बरेच दिवस पडून राहिलेले बर्फाचे खडे लहान होत जातात ते यामुळेच. मांस किंवा भाजी गोठली की तिच्यातल्या पाण्याचाही बर्फच होतो आणि पृष्ठभागावरचा बर्फ हळूहळू वाफ होऊन उडत राहतो. पाणी गेलं की मागे उरतो तो कोरडा, सच्छिद्र थर. त्या बारीक छिद्रांतून ऑक्सिजन आत शिरतो आणि चरबी व रंगद्रव्यं बिघडवतो. रंग, चिवटपणा आणि खवटपणा एकाच जागी एकत्र दिसतात त्याचं कारण हेच. हा थर मग पुन्हा ओला होत नाही. वितळवताना पाणी त्यावरून वाहून जातं.

आता, ही वाफ जाते कुठे? तिला दोन वाटा आहेत आणि उपाय ठरतो तो वाटेवरून.

पहिली वाट पिशवीच्या बाहेर जाते. पिशवीला भोक आहे, तोंड नीट बंद नाही किंवा प्लास्टिक फार पातळ आहे, तर वाफ फ्रीझरच्या हवेत निसटते. आपोआप हिम वितळवणाऱ्या फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरमध्ये हवा पंख्याने फिरत असते आणि तिच्यातली ओल थंड कॉइलवर गोठून शेवटी पाणी होऊन निघून जाते. त्यामुळे आतली हवा सतत कोरडी राहते आणि अन्नातलं पाणी ओढत राहते.

दुसरी वाट पिशवीच्या आतच संपते. पिशवी अगदी हवाबंद आहे, पण अन्न आणि प्लास्टिक यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. फ्रीझरची हवा पुन्हा थंड होते तेव्हा पिशवीचं पातळ प्लास्टिक आधी गार होतं आणि आतलं अन्न काही काळ त्याच्यापेक्षा किंचित उबदार राहतं. मग अन्नातून निघालेली वाफ त्या गार प्लास्टिकवर आतून हिम होऊन बसते. तापमान चढलं तरी ते हिम आपल्या मूळ जागी परत जात नाही. पुढच्या चढउतारात आणखी थोडं पाणी निघतं. अशा रीतीने एकही थेंब बाहेर न जाता हवाबंद डब्यातलं अन्न सुकतं. ‘डबा तर घट्ट बंद होता’ असं लोक म्हणतात तेव्हा ते खरंच बोलत असतात. डबा हवाबंद असणं आणि डब्यात हवा नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तपासणी १: बर्फ कुठे आहे ते पाहा

पॅकेट उजेडात धरा. बाहेरचं हिम फडक्याने पुसून टाका म्हणजे आतलं स्पष्ट दिसेल.

आत भरपूर भुरभुरीत बर्फ असेल आणि तो मोकळ्या जागेच्या बाजूला जमला असेल, तर पाणी दुसऱ्या वाटेने गेलंय. पिशवी बहुधा ठीक आहे, आतली हवा जास्त आहे किंवा तापमान वरखाली होतंय. आत बर्फ जवळजवळ नाही आणि तरीही अन्न सुकलंय, तर पाणी बाहेर गेलंय. तिथे भोक शोधा. हाडाच्या टोकाशी, पिशवीच्या घडीवर आणि झिपच्या दोन्ही कोपऱ्यांवर आधी बघा. साधं पातळ प्लास्टिक थंडीत कडक होतं आणि घडीवर चिरतं. पॅकेट एकमेकांवर घासूनही भोकं पडतात.

भोकाची शंका असेल तर रिकामी केलेली पिशवी फुगवून तोंड बंद करा आणि पाण्यात दाबा. बुडबुडे कुठून येतात ते लगेच दिसतं.

तपासणी २: वजन करा

ही तपासणी फारसं कुणी करत नाही, पण मला सगळ्यात जास्त भरवसा हिचाच आहे. पॅक करताना पूर्ण पॅकेटचं वजन चिठ्ठीवर तारखेसोबत लिहायचं. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. महिनाभराने बाहेरचं हिम पुसून तेच पॅकेट पटकन तोलायचं आणि लगेच परत ठेवायचं.

वजन तेवढंच आहे आणि आत हिम आहे, तर पाणी पॅकेटमध्येच आहे, फक्त अन्नातून निघून भिंतीवर बसलंय. वजन घटलंय, तर पॅकेट गळतंय. एकदोन ग्रॅमचा फरक काट्याचाही असू शकतो. अर्ध्या-पाऊण किलोच्या पॅकेटमध्ये दहा ग्रॅम किंवा त्याहून जास्त घट असेल तर शंकेला जागा नाही.

एका परिचित कुटुंबाचं उदाहरण सांगतो, कारण त्यात दोन्ही वाटा एकाच फ्रीझरमध्ये सापडल्या. त्यांनी पातळ पिशवीत गाठ मारून ठेवलेल्या चिकनच्या तुकड्यांवर 750 ग्रॅम लिहिलं होतं. मी तोललं तेव्हा 731 भरलं. आत बर्फ नावालाही नव्हता आणि हाडांच्या टोकांजवळ मांस पांढरं पडलं होतं. पिशवी पाण्यात दाबल्यावर एका हाडाच्या जागेतून आणि गाठीतून बुडबुडे आले. शेजारीच मटारचा घट्ट झाकणाचा डबा होता. भरताना लिहिलेलं त्याचं वजन जुळत नव्हतं, पण त्याला कारण होतं. त्यातले निम्मे मटार काढून वापरले होते. म्हणून तिथे वजनाचा उपयोग नव्हता, डोळ्यांचा होता. झाकणाच्या आतल्या बाजूला हिमाचा जाड थर होता आणि वरचे दाणे आक्रसले होते, तळाचे मात्र टवटवीत होते. डबा गळत नव्हता. निम्मा रिकामा झाल्यावर त्यात जी हवा राहिली, तिने वरचे दाणे सुकवले.

दोघांचा उपाय वेगळा होता. चिकनला चांगलं वेष्टन हवं होतं, मटारना लहान डबा.

तपासणी ३: पॅकिंग बदला

वरच्या दोन तपासण्यांतून काहीही निघालं तरी पुढचा स्वस्त उपाय हाच आहे. एक पॅकेट नीट बांधून ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पाहा.

मांसासाठी मी असं करतो. तुकडे कागदी टॉवेलने टिपून कोरडे करतो, कारण पृष्ठभागावरचं पाणी आधी हिम होतं आणि वेष्टन अंगाला चिकटू देत नाही. एका वेळेला लागेल तेवढाच वाटा घेतो. वाटा गोळ्यासारखा न ठेवता दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा सपाट करतो. तो लवकर गोठतो, लवकर वितळतो आणि तुकड्यांमध्ये हवेचे कप्पे राहत नाहीत. हाडाचं टोक असेल तिथे बटर पेपरची जाड घडी ठेवतो. मग क्लिंग फिल्म मांसाच्या अंगाला सगळीकडून टेकेल अशी, मधून कडेकडे हवा ढकलत, दोन वेढे गुंडाळतो. हा थर मांसाला चिकटलेला असणं सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण वाफेला साठायला जागा उरली नाही की दुसरी वाट बंद होते. त्यावर फ्रीझरसाठीची जाड झिपची पिशवी. तिचं काम पहिली वाट बंद करणं. एकटी क्लिंग फिल्म फार पातळ असते आणि सुटते, एकटी पिशवी अंगाला चिकटत नाही. म्हणून दोन्ही लागतात.

पिशवीतली हवा काढायला यंत्र नसेल तर पाणी वापरा. झिप एका कोपऱ्यापर्यंत लावा, पिशवी पाण्याने भरलेल्या पातेल्यात हळूहळू बुडवा, तोंड मात्र वर ठेवा. पाण्याच्या दाबाने प्लास्टिक आतल्या अन्नाला चिकटतं आणि हवा उघड्या कोपऱ्यातून निघते. पाणी झिपच्या अगदी खाली आलं की कोपरा बंद करा. बाहेरून पुसूनच फ्रीझरमध्ये ठेवा.

ॲल्युमिनियम फॉइलमधून वाफ किंवा ऑक्सिजन जात नाही, पण ते कोपऱ्यावर आणि घडीवर सहज फाटतं. क्लिंग फिल्मच्या वरचा दुसरा थर म्हणून ते चांगलं, एकटं नको. दुकानातून ट्रेवर ताणलेल्या पातळ फिल्ममध्ये मांस मिळतं ते तसंच गोठवू नका. त्या फिल्ममधून ऑक्सिजन सहज जातो, शिवाय ट्रेच्या कडेला हवा अडकलेली असते. दोन-चार दिवसांसाठी चालेल, महिन्यांसाठी नाही.

व्हॅक्यूम यंत्र दोन्ही वाटा एकदम बंद करतं आणि वर्षभर साठवण करायची असेल तर त्याला तोड नाही. त्याच्या अपयशाचं नेहमीचं कारण म्हणजे ओली सीलची पट्टी. मांसाचा रस हवेबरोबर वर ओढला जातो, पट्टी ओली होते आणि सील वरवर लागल्यासारखं दिसून नंतर सुटतं. मांस आधी तासभर फ्रीझरमध्ये घट्ट करून मग सील केलं की ही अडचण जाते. दुसऱ्या दिवशी पॅकेट हातात घेऊन पाहा. प्लास्टिक सैल झालं असेल तर सील गेलंय.

माशासाठी एक जुनी आणि उत्तम पद्धत आहे. मासा उघडा ठेवून कडक गोठवा, बर्फासारख्या गार पाण्यात क्षणभर बुडवून परत गोठवा, आणि अंगावर तीन-चार मिलिमीटरचा बर्फाचा थर जमेपर्यंत हे करत राहा. मग तो गुंडाळून पिशवीत ठेवा. संप्लवन व्हायचं ते आधी या थराचं होतं, माशाचं नाही. थर पातळ झालेला दिसला तर पुन्हा बुडवता येतो.

भाज्यांच्या बाबतीत ओल हा खरा शत्रू आहे. उकळत्या पाण्यात थोडा वेळ टाकून काढणं, म्हणजे ब्लांचिंग, बहुतेक भाज्यांना हवंच. मटारला दीड मिनिट, फरसबीला तीन मिनिटं पुरतात. त्याने विकरांचं काम थांबतं. ते केलं नाही तर भाजीला गवतासारखा वास येतो, आणि लोक त्यालाही फ्रीझर बर्न समजतात. ब्लांचिंगनंतर भाजी बर्फाच्या पाण्यात गार करा आणि मग फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करा. इथे घाई केली तर उरलेलं पाणी हिम होऊन दाण्यांमध्ये बसतं. मग ट्रेवर एका थरात पसरून कडक होईपर्यंत गोठवा आणि कडक झाल्या झाल्या पिशवीत भरा. ट्रे रात्रभर उघडा राहिला तर फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरच्या फिरत्या हवेत छोटे दाणे तिथेच सुकायला लागतात.

एका मोठ्या पिशवीऐवजी लहान पिशव्या करा. मोठी पिशवी उघडलीच तर उरलेल्या भाजीवर प्लास्टिक घट्ट गुंडाळून हवा काढा. निम्मा झालेला डबा तसाच परत ठेवू नका. पातळ पदार्थांचं मात्र उलट आहे. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून डब्यात वर दोनेक सेंटिमीटर जागा सोडावीच लागते. पदार्थ गोठला की त्याच्या पृष्ठभागावर क्लिंग फिल्म चिकटवा आणि मग झाकण लावा.

त्या कुटुंबात चिकनचा प्रश्न इथेच सुटला. मटारही लहान पिशव्यांत चांगले राहिले. पण त्यांच्या दाराजवळच्या कप्प्यात नीट गुंडाळलेल्या एका पॅकेटमध्येही तीन आठवड्यांत हिम आलं. पॅकिंग चांगलं असूनही हिम येत असेल तर तापमानाकडे वळायचं.

तपासणी ४: खरं तापमान मोजा

दारावरचा आकडा म्हणजे सेन्सर जिथे आहे तिथलं तापमान. पॅकेट जिथे आहे तिथलं वेगळं असू शकतं. फ्रीझरसाठीचा स्वस्त थर्मामीटर घ्या, जमल्यास कमाल-किमान नोंदवणारा. तो दोन पॅकेटांच्या मध्ये चोवीस तास ठेवा. मग दाराजवळ, मग सगळ्यात वरच्या कप्प्यात.

आकडा उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याहून खाली हवा. तापमान वाढलं की बर्फावरचा बाष्पदाब झपाट्याने वाढतो. उणे 18 ला तो जितका असतो त्याच्या दुपटीहून जास्त उणे 10 ला होतो, म्हणजे पाणी निघून जाण्याची ओढही तितकीच वाढते. अन्न दोन्ही तापमानांना दगडासारखंच कडक लागतं, म्हणून हाताने हे कळत नाही.

सरासरी आकडा बरोबर असून कमाल आणि किमान यांत मोठं अंतर असेल, तरी पिशवीत हिम साठतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर ठरावीक वेळाने कॉइल गरम करून हिम वितळवतो, तेव्हा आतली हवा थोडी तापतेच, आणि ते नैसर्गिक आहे. जाड पॅकेटांना त्याचा फारसा फटका बसत नाही, सुट्या छोट्या दाण्यांना बसतो. म्हणून भाज्या मागे, मध्यभागी आणि मोठ्या पॅकेटांच्या आड ठेवा. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरली, अर्थात काठोकाठ न भरता, तर चढउतार कमी होतो. हवेची झरोके मात्र मोकळी ठेवा.

एकाच दिवशी खूप ताजं अन्न घातल्यानेही हे होतं. साधारण 28 लिटर जागेला एक ते सव्वा किलोपेक्षा जास्त ताजं अन्न एका दिवसात नको, म्हणजे 100 लिटरच्या फ्रीझरमध्ये चार किलोच्या आसपास. त्याहून जास्त घातलं तर नवं अन्न हळू गोठतं, त्यात मोठे स्फटिक बनतात आणि जुन्या पॅकेटांचं तापमानही वर जातं. नवी पॅकेटं पहिले चोवीस तास एकमेकांवर न रचता पसरून ठेवा.

तपासणी ५: दाराचं रबर

दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. थोडा विरोध जाणवला पाहिजे. चारही बाजूंना, विशेषतः कोपऱ्यांवर आणि बिजागरीच्या बाजूला, असं करून पाहा. पट्टी सहज निसटते तिथून दमट, उबदार हवा आत जाते. आतल्या हिमाचा दाट पट्टा बऱ्याचदा त्याच जागेजवळ सापडतो.

आधी रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसा, घड्यांमधली घाण काढा आणि कोरडं करा. रबर दबलेलं असेल तर गरम पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने शेक देऊन हाताने आकाराला आणा. फाटलं असेल तर बदला. आणि हेही पाहा की आतला एखादा डबा पुढे येऊन दार अडवत तर नाही. त्या कुटुंबात तेच होतं. खालच्या कप्प्यातला लांब डबा दाराला केसभर उघडं ठेवत होता. दाराजवळचा थर्मामीटर उणे 11 दाखवत होता आणि मागचा उणे 18. डबा आडवा फिरवल्यावर दुसऱ्या दिवशी पुढचा आकडाही उणे 17 वर आला.

तपासणी ६: आतला बर्फ

हाताने हिम काढावं लागणाऱ्या फ्रीझरमध्ये भिंतींवर सहा-सात मिलिमीटरपेक्षा जाड बर्फ साठला की थंडावा अन्नापर्यंत नीट पोहोचत नाही. अन्न थंड पेटीत, जाड कापडात गुंडाळून ठेवा, प्लग काढा, दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवा आणि बर्फ आपोआप सुटू द्या. चाकू, स्क्रूड्रायव्हर किंवा सुरा लावू नका. भिंतीच्या मागेच वायूची नळी असते आणि तिला भोक पडलं तर फ्रीझर बहुधा कायमचा जातो. अनेक आधुनिक फ्रीझरमध्ये R600a हा ज्वलनशील वायू असतो, म्हणून हे नुसतं नुकसानीचं काम नाही, धोक्याचं आहे. हेअर ड्रायरही ओल्या जागेजवळ नको.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीझरच्या मागच्या आतल्या पॅनलवर बर्फाचा थर दिसत असेल तर ते साधं साठणं नव्हे. तिथे आपोआप हिम वितळवणारी व्यवस्था, म्हणजे हीटर, टायमर किंवा सेन्सर, बंद पडलेली असू शकते, किंवा पाण्याची नळी तुंबलेली असू शकते. एकदा पूर्ण बंद करून, दार उघडं ठेवून चोवीस तास वितळू द्या. परत सुरू केल्यावर काही दिवस छान चालून पुन्हा तसाच थर आला, तर तुमचं काम इथे संपलं.

इथे थांबा आणि तंत्रज्ञाला बोलवा

दार नीट लागतंय, रबर ठीक आहे, आत गर्दी नाही आणि तरी पॅकेटांमधलं तापमान चोवीस तासांनीही उणे 15 च्या खाली जात नाही. कंप्रेसर क्षणभरही थांबत नाही, किंवा सुरू होऊन काही सेकंदांत टक असा आवाज करून बंद पडतो. आतला पंखा फिरत नाही. मागच्या पॅनलवरचा बर्फ पुन्हा आला. वायूच्या नळीवर तेलकट डाग दिसतोय. यातलं काहीही असेल तर पॅनल उघडू नका आणि वायू ‘भरून देतो’ म्हणणाऱ्याकडून गळती न शोधता वायू भरून घेऊ नका. बंद प्रणालीतला वायू आपोआप कमी होत नाही. कमी झालाय म्हणजे कुठेतरी गळतो आहे. हीटर आणि कंप्रेसरच्या तारांना हात लावणं घरच्या माणसाचं काम नाही.

तंत्रज्ञाला ‘अन्न सुकतंय’ एवढंच सांगितलं तर तो बहुधा थर्मोस्टॅट फिरवून जाईल. त्याला तीन जागांचे कमाल-किमान आकडे, बर्फ नेमका कुठे येतो, वितळवल्यानंतर किती दिवसांनी परत येतो आणि चांगलं बांधलेल्या पॅकेटचं वजन घटलं का नाही, हे लिहून द्या.

तो येईपर्यंत दार उघडू नका. भरलेला फ्रीझर बंद पडला तरी दार बंद असेल तर सुमारे 48 तास अन्न गोठलेलं ठेवतो, निम्मा भरलेला सुमारे 24 तास. दुरुस्तीनंतर पॅकेट तपासताना आत बर्फाचे स्फटिक शिल्लक असतील किंवा मधलं तापमान 4 अंशांच्या आत असेल, तर ते पुन्हा गोठवता येतं, पोत थोडा उतरेल एवढंच. 4 अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिलेलं मांस टाकून द्या. जे ठेवाल त्याला नवं वेष्टन घाला आणि चिठ्ठीवर नवं वजन लिहा.